दिवाळीत ऑफिस बंद असताना: आमच्या पक्षकारांचे नेहमीचे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. माझे बहुतेक पक्षकार शेतकरी आहेत. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते आणि हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते. त्याच दिवसांत ऑफिस बंद राहतं आणि कोर्टालाही सुट्टी लागते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ज्यांची प्रकरणं आमच्याकडे चालू आहेत त्यांच्यासाठी हे आहे. घरात ज्याला वाचता येतं त्याने बाकीच्यांना वाचून दाखवावं.

यंदा ऑफिस नेमकं किती दिवस बंद राहणार?

शुक्रवार ६ नोव्हेंबर २०२६, म्हणजे धनत्रयोदशीपासून, बुधवार ११ नोव्हेंबर, म्हणजे भाऊबीजेपर्यंत. गुरुवार १२ तारखेला सकाळी नेहमीच्या वेळी ऑफिस उघडेल. सुट्टीआधीचा कामाचा शेवटचा दिवस गुरुवार ५ नोव्हेंबर. त्या दिवशी फार गर्दी होते, म्हणून नवीन काम असेल तर ३ तारखेच्या आत या.

पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवशीही ऑफिस बंद असतं, पण ती सुट्टी छोटी असल्याने त्यात फारसं काही अडत नाही.

कोर्टही तेवढेच दिवस बंद असतं का?

नाही. कोर्टाची दिवाळीची सुट्टी उच्च न्यायालयाच्या कॅलेंडरप्रमाणे असते आणि ती आमच्या ऑफिसच्या सुट्टीशी जुळेलच असं नाही. ऑफिस १२ तारखेला उघडलं म्हणून कोर्टही त्याच दिवशी उघडेल असं धरून एसटीत बसू नका. कोर्ट कधी उघडणार ती तारीख आम्ही प्रत्येकाच्या फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहितो. तुमच्याकडच्या तारखेच्या कार्डावरही लिहून घ्या.

तहसील कार्यालयाचं आणखी वेगळं. तिथे दिवाळीची लांब सुट्टी नसते, फक्त सरकारी सुट्ट्या असतात. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी ८ तारखेला आणि पाडवा मंगळवारी १० तारखेला आहे. मधला सोमवार, ९ तारीख, शासनाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली नाही तर कामाचा दिवस आहे. फेरफाराची किंवा रस्त्याच्या प्रकरणाची सुनावणी त्या दिवशी लागली असेल, तर ऑफिस बंद असलं तरी माझी ज्युनियर तहसीलमध्ये हजर राहील. फक्त नोटीस मिळाल्या दिवशीच आम्हाला कळवा. तहसीलची नोटीस पुष्कळदा कोतवालाच्या हाती थेट तुमच्या घरी येते, आमच्याकडे येत नाही.

माझी तारीख सुट्टीत पडली तर?

कोर्ट सुट्टीतली तारीख शक्यतो देतच नाही. चुकून पडली असेल तर ती पुढे जाते. पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की दिसते. तो क्रमांक तारखेच्या कार्डावर वरच्या बाजूला छापलेला आहे. घरात कॉलेजात जाणारं पोरगं असेल तर त्याच्याकडून बघून घ्या. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

व्यापारी म्हणतो, दिवाळी झाली की पैसे देतो. चेक परत आलाय. सुट्टीनंतर आलो तर चालेल ना?

नाही चालणार. या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी एवढं उत्तर पूर्ण वाचा, कारण दिवाळीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

चेक न वटता परत आला की त्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला पैशाची मागणी करणारी लेखी नोटीस पाठवावी लागते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची ही अट आहे. ही नोटीस कोर्टात दाखल करायची नसते, ती पोस्टाने पाठवायची असते. त्यामुळे कोर्टाच्या सुट्टीचा या ३० दिवसांवर काहीच परिणाम होत नाही. कोर्ट बंद असलं आणि वकिलाचं ऑफिस बंद असलं, तरी दिवस मोजले जातातच.

एक उदाहरण तारखांसकट पाहू. एका शेतकऱ्याने सोयाबीन खेडा खरेदीत विकलं. व्यापाऱ्याने १ ऑक्टोबर २०२६ या तारखेचा ८६ हजारांचा चेक दिला. शेतकऱ्याने तो सोमवारी ५ तारखेला बँकेत टाकला. शुक्रवारी ९ ऑक्टोबरला बँकेने ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा मेमो जोडून चेक परत केला. मेमो मिळाला तो दिवस सोडायचा आणि १० ऑक्टोबरपासून मोजायचं. तिसावा दिवस येतो ८ नोव्हेंबर. तो रविवार आहे आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. पोस्ट बंद, ऑफिस बंद. व्यापारी गोड बोलतो, ‘भाऊ, दिवाळी होऊ द्या, पाडव्याला हिशोब करून टाकतो.’ शेतकरी थांबतो, आणि १२ तारखेला आमच्याकडे येतो तोपर्यंत मुदत चार दिवसांपूर्वीच संपलेली असते.

तोच शेतकरी ३ नोव्हेंबरला आला तर काम सरळ आहे. सोबत मूळ चेक, बँकेचा मेमो, चेक बँकेत टाकल्याची स्लिप, मालाच्या वजनाची पावती आणि हिशोबाची चिठ्ठी आणावी. आम्ही त्याच दिवशी नोटीस तयार करतो. तिच्यात चेकचा क्रमांक, तारीख, बँक, रक्कम आणि परत येण्याचं कारण लिहितो आणि चेकवर आहे तेवढीच रक्कम १५ दिवसांत मागतो. व्याज, भाड्याचा खर्च, मनस्ताप हे सगळं एकाच आकड्यात मिसळलं की नोटिशीवर हरकत घेतली जाते, म्हणून चेकची रक्कम आम्ही वेगळी आणि ठळक लिहितो. ४ तारखेला नोटीस स्पीड पोस्टाने जाते. पोस्टाची पावती फाइलला लागते. नोटीस पोहोचल्याचा ऑनलाइन पुरावाही आम्ही लगेच छापून ठेवतो, कारण काही महिन्यांनी तो सापडत नाही.

समजा दिवाळीच्या गर्दीमुळे व्यापाऱ्याला नोटीस १२ नोव्हेंबरला मिळाली. त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे २७ नोव्हेंबरपर्यंत. तोवर पैसे आले नाहीत तर २८ तारखेला तक्रारीचा हक्क उभा राहतो आणि पुढच्या एक महिन्यात, म्हणजे २८ डिसेंबरपर्यंत, कोर्टात तक्रार दाखल करावी लागते. नाताळची गर्दी टाळायला आम्ही ती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच करतो.

बँकेचा मोबाइलवरचा मेसेज मेमोच्या आधी आला असेल तर तोही दाखवा. मी त्या आधीच्या तारखेपासूनच दिवस मोजते. समोरच्या वकिलाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

नोटीस पाठवली तर व्यापारी चिडेल, आणि पुढच्या वर्षी माल कुठे विकायचा?

ही भीती खरी आहे. गावात एकच घेणारा असतो आणि तोच बियाण्याला उधार देतो. पण नोटीस म्हणजे खटला नव्हे. १५ दिवसांत पैसे मिळाले तर विषय तिथेच संपतो. पुष्कळ प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, आणि नोटीस गेल्यावरही तुम्ही त्याच्याशी बसून बोलू शकता. ३० दिवस गेल्यावर मात्र बोलायला तुमच्या हातात काही उरत नाही, आणि त्यालाही ते माहीत असतं.

३० दिवस निघूनच गेले असतील तर?

चेकची तारीख बघा. तारखेपासून तीन महिने चेक चालतो. वरच्या उदाहरणातला १ ऑक्टोबरचा चेक डिसेंबरअखेरपर्यंत पुन्हा बँकेत टाकता येतो. पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात. हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. म्हणून परत आलेला चेक रागाने फाडू नका आणि ‘पैसे मिळतील’ या भरवशावर व्यापाऱ्याला परतही करू नका. त्याला फोटो दाखवा, मूळ चेक घरात ठेवा.

तीन महिनेही उलटले असतील तर चेकची फौजदारी तक्रार गेली. पैसे वसुलीचा दिवाणी दावा मात्र साधारणपणे तीन वर्षांपर्यंत करता येतो. तो वेळखाऊ असतो आणि त्याला कोर्ट फीही लागते, म्हणून तिथवर पोहोचू देऊ नका.

निकाल माझ्याविरुद्ध लागलाय. अपिलाची मुदत सुट्टीतच संपते. मग तीही बुडणार का?

इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ४ प्रमाणे दावा, अपील किंवा अर्जाची मुदत कोर्ट बंद असलेल्या दिवशी संपत असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो. चेकची नोटीस आणि अपील यांत फरक हाच. अपील कोर्टात जातं, म्हणून कोर्ट बंद असेल तर मुदत थांबते. नोटीस पोस्टाने जाते, म्हणून थांबत नाही.

पण ही सवलत फक्त उघडण्याच्या पहिल्या दिवसाची आहे. दुसऱ्या दिवशी गेलात तर उशीर माफ करण्याचा अर्ज द्यावा लागतो आणि कारण पटवावं लागतं. शिवाय अपिलाला निकालाची नक्कल लागते. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरले जात नाहीत, पण त्यासाठी नकलेचा अर्ज मुदतीच्या आत केलेला हवा. म्हणून ऑक्टोबरमध्ये निकाल लागलेल्या प्रत्येक प्रकरणात आम्ही नकलेचा अर्ज आपणहून टाकतो. अपील करायचं की नाही ते तुम्ही घरच्यांशी बोलून दिवाळीत ठरवा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोलिसांनी माणूस उचलला तर कोणाला फोन करायचा?

तारखेच्या कार्डामागे दोन मोबाइल क्रमांक आहेत, एक माझा आणि एक माझ्या ज्युनियरचा. अटकेसाठी रात्री केव्हाही फोन करा. दिवाळीच्या रात्रींत गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात, धाड पडते. कधी फटाक्यावरून भांडण होऊन डोकी फुटतात. हे फोन दरवर्षी येतात, त्यामुळे कोरे वकालतनामे आणि लागणारी तिकिटं मी घरी आणून ठेवते.

फोन लागला नाही तर घाबरून दहा वेळा लावत बसू नका. एक मेसेज टाका, आणि तो असा असावा: ‘अमुक गाव. अमुक माणूस, वय ३४. रात्री ९ वाजता अटक. अमुक पोलीस ठाणे. कारण भांडण, समोरच्याचं डोकं फुटलं. याला आधीची केस नाही. हा त्याच्या भावाचा नंबर.’ एवढं कळलं की मी ठाण्यात फोन करून कलम विचारू शकते. ‘मॅडम लवकर या’ एवढ्याच मेसेजवर मला काहीच करता येत नाही.

आता कायदा काय सांगतो ते. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मध्ये हे आहे, आणि त्याला दिवाळीचा अपवाद नाही. सुट्टीतल्या कामासाठी न्यायाधीशांच्या पाळ्या लावलेल्या असतात. त्या दिवशीचं काम आपल्या तालुक्याला आहे की दुसऱ्या ठिकाणी, हे ठाण्यातच विचारा, कारण गाडी त्याप्रमाणे करावी लागते. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा जामीनपात्र असेल तर ठाण्यातच जामीन मिळू शकतो, कोर्टापर्यंत जायची गरज पडत नाही. कलम कळलं की हे मी फोनवरच सांगेन.

आम्ही दोघीही पोहोचू शकलो नाही तर? विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या हजेरीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आरोपीला आहे. तो वकील उभा राहिला म्हणून पुढे आमच्याकडे प्रकरण देता येत नाही असं काही नाही. माणूस वकिलाशिवाय उभा राहू नये, एवढीच माझी काळजी आहे.

जामीनदार तयार आहे, पण तलाठी गावी गेलेत. सातबारा कुठून आणायचा?

डिजिटल सही असलेला सातबारा digitalsatbara.mahabhumi.gov.in इथून १५ रुपयांत निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. सोबत जामीनदाराचं आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, दोन फोटो आणि ग्रामपंचायतीच्या घरकराची पावती असू द्या. गावातलं झेरॉक्सचं दुकान दिवाळीत बंद असतं. ज्यांच्या घरातल्या कुणावर प्रकरण चालू आहे, त्यांनी हा संच ५ तारखेच्या आधीच काढून ठेवला तर रात्री धावपळ होत नाही. कागद अपुरे असतील तर काही वेळा कोर्ट तात्पुरता रोख जामीन घेतं आणि जामीनदारासाठी पुढची मुदत देतं. पण ते न्यायाधीशांवर अवलंबून आहे, त्याचा भरवसा धरू नका.

शेजाऱ्याने धुरा कोरला किंवा शेताचा रस्ता बंद केला तर सुट्टीत मनाई हुकूम मिळेल का?

सुट्टीत दिवाणी काम फार थोडं चालतं. खूप तातडी असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे अर्ज नेता येतो, पण उभी पऱ्हाटी उपटली जात आहे, घर पाडलं जात आहे, अशी परत न भरून येणारी हानी दाखवावी लागते. दोन तास नांगर चालून धुरा हलला, तर त्यासाठी सुट्टीतला अर्ज टिकणं कठीण असतं.

वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं असतं, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या सुट्टीने तुमचा हक्क जात नाही. या दिवसांत तुम्ही पुरावा धरून ठेवा. सकाळच्या उजेडात फोटो काढा. एका फोटोत कायमची खूण येऊ द्या, म्हणजे विहीर, लाइनचा खांब किंवा बाभळीचं झाड. अडथळा पाहिलेल्या दोन माणसांची नावं लिहून ठेवा. स्वतः काटे उचलायला जाऊ नका. मारामारी झाली की रस्त्याचं प्रकरण बाजूला राहतं आणि तुमचाच माणूस ठाण्यात बसतो. अंगावर आलेच तर ११२ लावा.

समोरचाच कोर्टात जाऊन तुमच्या पाठीमागे हुकूम आणेल अशी शंका असेल, तर दिवाळीआधी आमच्याकडून कॅव्हेट टाकून घ्या. ते ९० दिवस चालतं, आणि तेवढ्या काळात कोर्ट तुम्हाला कळवल्याशिवाय हुकूम देत नाही.

फोनवर काय विचारावं, काय विचारू नये?

अटक, मारहाण, घर किंवा पीक पाडणं, मुदत संपत असलेली नोटीस हातात पडणं, आणि घरातल्या बाईला घराबाहेर काढणं, यांसाठी केव्हाही. बाकी प्रश्नांसाठी सुट्टीत रोज सकाळी १० ते ११ फोन उचलला जाईल. ‘माझ्या केसचं काय झालं’ हे सुट्टीत विचारलं तर फाइल समोर नसते आणि मी अंदाजाने बोलणार नाही. त्यासाठी १२ तारखेनंतर या.

कोणताही कोर्टाचा किंवा बँकेचा लिफाफा सुट्टीत आला तर पाकिटासकट त्याचा फोटो पाठवा. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख कधी कधी आतल्या कागदाइतकीच कामाची असते.

तुम्ही सुट्टी कळवता कशी? आम्हाला कळलंच नाही असं व्हायला नको.

पूर्वी मी दारावर कागद चिकटवायचे आणि तेवढं पुरेसं समजायचे. एका वर्षी एक मावशी पोटगीच्या कामासाठी दोन गाड्या बदलून आल्या आणि बंद दाराशी दुपारपर्यंत बसून राहिल्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता आणि दारावरचा कागद त्यांना वाचता येत नव्हता. शेजारच्या टपरीवाल्याने मला फोन केला तेव्हा मी पोहोचले. ती चूक माझी होती. दोष द्यायला दुसरं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून दसऱ्यानंतर आमचा कारकून चालू प्रकरणांची वही घेऊन बसतो. ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप आहे त्यांना लेखी मेसेज आणि माझ्या आवाजातला मेसेज असे दोन्ही जातात. साधा मोबाइल असणाऱ्यांना तो स्वतः फोन करतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव वहीत असतं, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तो माणूस ऑफिसवरून जातो तेव्हा कारकून त्याच्या हाती निरोप देतो. निरोप पोहोचला की वहीत खूण होते. ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ज्यांच्या नावापुढे खूण नसेल त्यांना मी स्वतः फोन लावते. तुमचा नंबर बदलला असेल तर आत्ताच कळवा.

सुट्टीतल्या कामाची फी जास्त लागते का?

नाही. गाडीभाडं लागलं तर तेवढं वेगळं, आणि त्याची पावती मिळेल. सुट्टीत कुणी आमचं नाव सांगून ठाण्यात किंवा कोर्टाच्या आवारात पैसे मागितले तर देऊ नका, आधी मला फोन करा.

माझे मूळ कागद तुमच्याकडे आहेत. सुट्टीत पीककर्जासाठी लागले तर?

५ तारखेच्या आत घेऊन जा. कारकून वहीवर सही घेऊन देईल आणि झेरॉक्स फाइलला ठेवेल. कुलूप लागल्यावर कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, आणि भाऊबीजेला मी माहेरी असेन.